दोन शेर तांदूळ, सात पाव गूळ: अनारशाच्या एका कागदाची गोष्ट

जून २०२३ मध्ये जर्मनीत राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीचा फोन आला. अठरा जुलैपासून अधिक श्रावण लागत होता, लग्नानंतरचा तिचा तो पहिलाच अधिक महिना, आणि नवऱ्याला तेहतीस अनारशांचं वाण आपल्या हातचं द्यायचं असं तिनं ठरवलं होतं. "आजीचे अनारसे हवेत, पण मला ग्रॅममध्ये सांग. माझ्याकडे वाटी नाही, तराजू आहे," असं तिचं म्हणणं.

आजीचे अनारसे आजीच्या वहीत होते. आजीचं लग्न १९५७ सालचं. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी पणजीनं सांगितलेलं तिनं पेन्सिलीनं उतरवून घेतलं होतं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर रॉकेलचा आणि सुताच्या गुंडीचा हिशोब आण्यांत आहे. अनारशाचा मजकूर एवढाच:

"तांदूळ जुना २ शेर. गूळ ७ पाव. तूप १ छटाक पिठात, तळणीस निराळे. खसखस अदपाव. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलावे. सावलीत सुकवून कुटावा. पाच दिवस मुरवावे."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले आणि जवळजवळ दोन किलो तांदूळ. कुठे चुकलं आणि ते कसं सापडलं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे, कारण अशा वह्या बऱ्याच घरांत आहेत आणि त्यांत हीच खोच दडलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

पहिला घाणा: शेर म्हणजे किलो

मंडईत आजही "पावशेर मिरच्या द्या" म्हटलं की भाजीवाला २५० ग्रॅम तोलतो. म्हणून मीही तसंच धरलं. शेर म्हणजे किलो आणि पाव म्हणजे अडीचशे. अर्धं प्रमाण घेतलं. तांदूळ एक किलो, गूळ साडेतीन पाव म्हणजे ८७५ ग्रॅम.

तांदूळ तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी निथळून पंचावर पंख्याखाली पसरला. हाताला ओलसर लागतो पण चिकटत नाही, अशा बेताला मिक्सरमधून काढला आणि मैद्याच्या चाळणीनं चाळला. गूळ किसून, तुपाचा हात लावून मळला आणि डबा बंद करून पाच दिवस ठेवून दिला. सहाव्या दिवशी पेढ्याएवढी गोळी खसखशीवर थापली आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडली.

अनारसा हसला. ज्यांनी कधी अनारसे केलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, अनारसा हसतो म्हणजे तुपात पडल्याबरोबर पसरतो, त्याला भेगा जातात आणि झाऱ्यानं तूप उडवेपर्यंत कढईत नुसता चुरा तरंगायला लागतो. गूळ जास्त झाला की असं होतं. तुपाच्या उष्णतेनं गूळ आधी पातळ होतो. तांदळाचं पीठ शिजून एकमेकांना धरून ठेवायला जो अवधी लागतो, तेवढा अवधी हा पातळ झालेला गूळ त्याला देत नाही. पीठ पुरेसं असेल तर गूळ वितळून जिथून निघतो तिथे जाळी पडते. पीठ कमी असेल तर जाळी धरायला काही उरतच नाही. हसण्याची आणखीही कारणं आहेत. पीठ फार ओलं असेल किंवा तूप पुरेसं तापलेलं नसेल तरी अनारसा हसतो. मी तूप थोडं जास्त तापवून पाहिलं, तर कडा करपल्या आणि मध्य तरीही फुटलाच. दोन मुठी तांदळाचं कोरडं पीठ मिसळलं तेव्हा कुठे अनारसे धड उतरले, पण चव पिठूळ.

दुसरा घाणा: शेर म्हणजे ९३३ ग्रॅम

मग मला शहाणपण सुचलं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. दुकानांतून किलोची वजनं १९५८ पासून हळूहळू यायला लागली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. आजीची वही त्याआधीची. म्हणजे तिचा शेर हा किलो असूच शकत नाही, तो ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर असणार.

तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. पाच तोळ्यांचा छटाक, दोन छटाकांचा अदपाव, चार छटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, चार पावशेरांचा शेर. गुणाकार केला की छटाक ५८ ग्रॅमचा येतो, पाव २३३ चा आणि शेर ९३३ चा. (जुन्या मुंबईचा बाजारी शेर याच्या निम्म्याहूनही हलका होता, पण तो आमच्या सातारा भागात स्वयंपाकघरापर्यंत आला असेल असं मला वाटत नाही. आजीनं तर त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.)

बाबा मध्येच म्हणाले, "तोळा म्हणजे दहा ग्रॅम." सराफाच्या दुकानात आता तसंच चालतं, पण ते सोयीसाठी केलेलं आहे. बाबांचा तोळा धरला तर पाव २०० ग्रॅमचा होतो, भाजीवाल्याचा धरला तर २५० चा. मला खात्री हवी होती. देवघरातल्या डबीत आजीचे लक्ष्मीपूजनाचे जुने चांदीचे रुपये आहेत, आणि चांदीचा रुपया बरोबर एका तोळ्याचा पाडलेला असे. माझा स्वयंपाकघरातला तराजू एकेक ग्रॅमच दाखवतो, त्यामुळे एक रुपया ठेवून काही कळेना, तो कधी ११ दाखवायचा, कधी १२. पाच एकदम ठेवले. ५८ ग्रॅम. म्हणजे नेमका एक छटाक. दहा ग्रॅमचा तोळा असता तर ५० दिसले असते. आजी बाजूला उभी होती, ती म्हणाली, "आमच्याकडे वजन हरवलं की वीस रुपये मोजून ठेवायचे पारड्यात. झाला पाव."

इथे मी निर्धास्त झाले. पुन्हा अर्धं प्रमाण घेतलं. तांदूळ एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, गूळ साडेतीन पाव म्हणजे ८१६ ग्रॅम. पुन्हा तीन दिवस भिजत, पाच दिवस मुरत. आणि पुन्हा अनारसा हसला, पहिल्यासारखाच.

त्या रात्री वही समोर घेऊन बसले तेव्हा माझाच मूर्खपणा लक्षात आला. ८७५ भागिले १००० म्हणजे ०.८७५. ८१६ भागिले ९३३ हेही ०.८७५ च. शेर किलोचा धरा, ९३३ चा धरा नाहीतर बाबांचा ८०० चा धरा, गूळ आणि तांदूळ दोन्ही त्याच शेरानं मोजले तर त्यांचं आपसातलं प्रमाण तसूभरही हलत नाही. अनारशाला किती ग्रॅम हे कळत नाही, त्याला फक्त प्रमाण कळतं. नऊ दिवस खर्च करून मी तोच अनारसा थोडा लहान करून पुन्हा बिघडवला होता.

याचा अर्थ एक तर वहीतलं प्रमाणच चूक होतं, नाहीतर दोन्ही जिनसा एकाच शेरानं मोजलेल्या नव्हत्या.

पाव का लिहिलं

आजीला विचारलं तर ती म्हणाली, "प्रमाण कसं चुकेल? त्याच प्रमाणानं चाळीस वर्षं केले." ती हल्ली अंदाजानं करते, गूळ किती घालते ते तिला सांगता येत नाही. हाताला पीठ कसं लागलं की गूळ थांबवायचा, एवढं मात्र ती बरोबर सांगते.

मी वहीतली ओळ तिला पुन्हा वाचून दाखवली. दोन शेर तांदूळ, सात पाव गूळ. आणि वाचता वाचता मला ते खटकलं. सात पाव कोण लिहितं? चार पावांचा शेर, म्हणजे सात पाव झाले पावणेदोन शेर. पणजीच्या तोंडी तर पावकी, निमकी, पाऊणकी खेळत असणार. तिनं सरळ "गूळ पावणेदोन शेर" सांगायला हवं होतं. तिनं तांदळाला शेर म्हटलं आणि गुळाला पाव, याला काहीतरी कारण असायला हवं.

"आजी, तुमच्याकडे वजनं कोणती होती?"

"घरात? पावशेराचं एक होतं, लोखंडी. छटाकाचं होतं. मोठी वजनं वाण्याकडे."

"मग शेर कशानं मोजायचात?"

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भात कशाचा करतात ते विचारलं. "शेर मोजत नाहीत बाई, शेर भरतात. मापट्यानं. दोन मापटी म्हणजे शेर."

शेर दोन होते. एक तोलायचा आणि एक भरायचा. तोलायचा शेर ऐंशी तोळ्यांचा. तो गूळ, साखर, तूप, मसाला यांच्यासाठी, म्हणजे वाण्याच्या तराजूतून येणाऱ्या वस्तूंसाठी. भरायचा शेर हे माप होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, चार शेरांची पायली. तांदूळ, डाळी, ज्वारी हे घरच्या कणगीतून निघायचं आणि मापानंच निघायचं, तिथे तराजूचा संबंधच नव्हता. नाव एक असल्यामुळे कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पणजीच्या डोक्यात मात्र घोटाळा नव्हता. जे वजनानं घ्यायचं त्याला तिनं वजनाचं नाव दिलं, आणि घरात पावशेराचं एकच वजन असल्यामुळे तेच सात वेळा टाकायचं म्हणून सात पाव. जे भरून घ्यायचं त्याला शेर म्हटलं. ओळ अगदी नेमकी होती. ती वाचणारीकडे मापटं नव्हतं, एवढंच.

मापटं

मापटं गावच्या घरी माळ्यावर निघालं. पितळी, उभट, काठाला जाड कडी. एका अंगाला पोचा. तो पोचा काकूच्या गृहप्रवेशाचा आहे म्हणे. उंबरठ्यावरचं माप तिनं पायानं इतक्या जोरात ओलांडलं की ते गडगडत पायरीवरून अंगणात गेलं. काकू ही गोष्ट नाकारते.

मापटं घासून तराजूवर ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. ६१२ ग्रॅम, म्हणजे ६१२ मिलिलिटर. पोचा नसता तर आणखी आठदहा मिलिलिटर मावलं असतं असं मी पोच्याचा आकार बघून धरलं. वही लिहिली गेली तेव्हा पोचा नव्हता, काकू नंतरची. पण हा फरक दीड टक्क्याच्या आसपास आहे आणि तांदळाच्या दोन जातींतच याहून जास्त फरक पडतो, म्हणून तो सोडून दिला.

मग मापटं पुसून, कोरडं करून तांदूळ भरला. अनारशाला घेतो तोच, जुना, जरा जाडसर. काठावरून हात फिरवून सपाट केला आणि तोलला. ५०२ ग्रॅम. म्हणजे शेर झाला १००४ ग्रॅम. माझं तोंड पडलं. हा तर पुन्हा किलोच आला! त्यानं प्रमाण ०.८१ झालं असतं. सुधारलं खरं, पण ज्या फरकानं अनारसा हसायचा थांबावा एवढं ते मला वाटेना.

आजी हे सगळं खुर्चीवर बसून बघत होती. ती उठली, माझ्या हातातून मापटं घेतलं, परातीतल्या तांदळात बुडवून वर काढलं आणि वरून ओंजळीनं सोडत राहिली, सगळीकडून दाणे ओघळायला लागेपर्यंत. "हे मापटं. तू भरलंस ते बोडकं. बोडकं माप आम्ही कुणाला दिलं नाही आणि घरातही घेतलं नाही."

शिगेचं मापटं ५५१ ग्रॅम भरलं. मी आजीकडून पाच वेळा भरून घेतलं. कमीत कमी ५४५, जास्तीत जास्त ५५८. मी स्वतः भरलं तेव्हा आकडे ५३० पासून ५७० पर्यंत उड्या मारत होते, तिचा हात मात्र तेरा ग्रॅमांच्या पलीकडे हलला नाही. शीग म्हणजे वरचा तो छोटा डोंगर सुमारे पन्नास ग्रॅमचा, मापट्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. मोजायची पद्धत न बघता नुसतं भांडं मिळालं असतं, तर हा दहावा हिस्सा हुकलाच असता.

शिगेची दोन मापटी म्हणजे शेर ११०० ग्रॅमचा, आणि दोन शेर २२०० ग्रॅमचे. गूळ सात पाव, २३३ ग्रॅमच्या पावानं, १६३३ ग्रॅम. भागाकार ०.७४. हा आकडा पाहिला आणि मला हसूच आलं, कारण "किलोला पाऊण किलो गूळ" हे प्रमाण आईला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना तोंडपाठ आहे. पणजीनं जगावेगळं काहीच सांगितलेलं नव्हतं.

आणि आता रुपयांच्या नाण्यांचं चीज झालं. दोन्ही जिनसा एकाच शेरातल्या होत्या तोवर पाव २०० चा, २३३ चा की २५० चा यानं काही बिघडत नव्हतं. एक जिन्नस मापात आणि दुसरा वजनात गेल्याबरोबर ते महत्त्वाचं झालं. २०० चा पाव धरला असता तर प्रमाण ०.६४ वर घसरलं असतं आणि अनारसे जाळी न पडता कडक झाले असते. २५० चा धरला असता तर ०.८० वर जाऊन पुन्हा हसण्याच्या वाटेला लागले असते.

तिसरा घाणा

या वेळी मी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. दुसऱ्या घाण्यातला गूळ तसाच ठेवला, ८१६ ग्रॅम. गुळाचा तोच ढेपेचा तुकडा, तीच चाळणी, तेच पाच दिवस. तांदूळ मात्र ९३३ ऐवजी ११००. फरक १६७ ग्रॅम तांदळाचा.

दुसऱ्या घाण्यात चाळणीवर उरलेली जाड कणी मी धिरड्यात घातली होती. आजीचं म्हणणं, कणी पुन्हा कुटून पिठात गेलीच पाहिजे, नाहीतर तेवढा तांदूळ कमी झाला. तिचं बरोबर आहे, पण मग दोन गोष्टी बदलल्या असत्या आणि अनारसा कशानं सुधारला ते कळलं नसतं. तिची समजूत काढून या वेळीही कणी बाजूलाच ठेवली. चाळलेलं ओलसर पीठ १२१० ग्रॅम भरलं. त्यात गूळ आणि अर्धा छटाक तूप, म्हणजे तीस ग्रॅम. मळताना पीठ हाताला जास्त घट्ट लागलं. आजीनं चिमटीत धरून पाहिलं आणि मान हलवली. डब्यात भरायच्या आधी तिनं गूळ न घातलेलं थोडं पीठ वाटीत काढून घेतल्याचं मी पाहिलं होतं, पण थापायला लागेल म्हणून घेतलं असेल असं वाटून विचारलं नाही.

सहाव्या दिवशी पहिला अनारसा कढईत सोडला. कडेनं बुडबुडे आले, तो थोडासा पसरला आणि थांबला. झाऱ्यानं वरून तूप उडवलं तशी खसखशीच्या मधून जाळी उघडत गेली. उलटायचा नसतोच, तसाच उचलून चाळणीत उभा ठेवला. आजीनं निवण्याची वाट न बघता मोडला, आत बघितलं आणि अर्धा तोंडात टाकला. म्हणाली, "गूळ नवा आहे." एवढंच. दुसरा अर्धा मला दिला नाही.

पुढच्या घाण्यात कणी पुन्हा कुटून घातली. त्यानं फरक पडतो, पण थोडा. अनारसा जरा जास्त खुसखुशीत होतो. न हसण्यासाठी ती लागत नाही.

जर्मनीला काय पाठवलं

आमच्या दोन शेरांत दीडशेच्या वर अनारसे होतात. तिला हवे होते तेहतीस. वहीच्या प्रमाणाचा चौथा हिस्सा केला की पेढ्याएवढ्या गोळीचे पस्तीस-चाळीस उतरतात, म्हणून तेवढंच लिहून पाठवलं:

जुना तांदूळ ५५० ग्रॅम, म्हणजे एक मापटं, शिगेचं. गूळ ४०८ ग्रॅम, चिक्कीचा नको. तूप १५ ग्रॅम पिठात. खसखस ३० ग्रॅम.

वहीत नसलेला एक आकडा मी माझ्या मनानं जोडला. चाळलेलं पीठ साधारण ६०० ग्रॅम भरलं पाहिजे. हा आकडा माझ्या तिसऱ्या घाण्यावरून काढला. ५५० ग्रॅम कोरड्या तांदळाचं पीठ ६०० च्या आसपास आलं तर तांदूळ बेतानं सुकला असं समजायचं. ६३० च्या वर गेलं तर त्यात पाणी जास्त आहे, पीठ ताटात पसरून थोडं आणखी सुकू द्यायचं. सावलीत किती वेळ, हे सातारच्या पावसाळ्यात वेगळं आणि तिच्याकडच्या कोरड्या खोलीत वेगळं. वेळ लिहून पाठवण्यात अर्थ नव्हता, वजन पाठवण्यात होता.

तिचा व्हिडिओ कॉल आला तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पीठ ६५५ ग्रॅम भरलं होतं. ते आणखी सुकवायचं सोडून तिनं उत्साहानं गूळ घातला होता, पाच दिवस मुरवला होता, आणि आता पहिला अनारसा हसत होता. अगदी चुरा नाही, पण कडेनं फाटत होता.

"तांदळाचं पीठ आहे का तुझ्याकडे?"

"दुकानातलं कोरडं आहे."

आजी मागून म्हणाली, "दुकानातलं कशाला? तिचं मुठीतलं पीठ कुठंय?"

"कसलं मुठीतलं, आजी?"

"गूळ घालायच्या आधी मूठभर पीठ काढून ठेवायचं असतं. पहिला हसला तर ते मिसळायचं, नाही हसला तर थापायला घ्यायचं. ते लिहिलेलं नाही?"

वही उघडून तिच्यासमोर धरली. तिनं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "सासूबाईंनी सांगितलं नसेल," ती म्हणाली, "त्या करतानाच दाखवायच्या."

आतेबहिणीनं दुकानातलं पीठ दोन चमचे मिसळलं, पीठ तासभर झाकून ठेवलं आणि मग अनारसे उतरले. तेहतीस झाले, वर चार.

त्यानंतर मी आजीला पुढच्या घाण्याचं चाळलेलं पीठ दिलं आणि एक मूठ काढायला सांगितलं. तराजूवर ५४ ग्रॅम. मग माझी मूठ, ६१. वहीतल्या पेन्सिलीच्या ओळीखाली मी शाईनं लिहिलं: "दोन शेरांना आजीची एक मूठ पीठ बाजूला, ५४ ग्रॅम."